साडीवरचं माप

मलकापुरात कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कय्यूम मास्टरांचं कपड्याचं दुकान आहे. दुकान म्हणायचं खरं, पण माणूस मूळचा शिलाईचा. आयुष्य मशीनवर गेलं आणि त्याचा अभिमान असा की, ‘माझ्या हातचं माप चुकत नाही’ हे वाक्य ते गिऱ्हाइकानं न विचारता ऐकवायचे. शेजारचा चहावालासुद्धा पाठ म्हणून दाखवायचा. त्यांना त्यात थट्टा दिसायची नाही.

बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली आणि खेड्यातलं गिऱ्हाईक हळूहळू रोडावलं. सणाला कापड घेणारी माणसं जुन्यावर भागवू लागली. तेव्हा मास्टरांची सून यास्मीन हिनं दुकान फोनवरच्या बाजारात चढवलं. निळी कुर्ती, परकर आणि मास्टरांनी स्वतः बेतलेला वेचणीचा कोट. कपाशी वेचणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, म्हणजे हात ओरबाडत नाहीत. त्या शर्टाच्या जागी हा लांब बाह्यांचा, पुढून कापूस टाकायची ओटी शिवलेला कोट. मास्टरांचा जीव त्याच्यावर होता.

कोट विकला जाऊ लागला आणि परतही येऊ लागला. कुर्त्याही येत, परकरही येत. अंगणातल्या पलंगावर पिशव्यांचा ढीग साचला. मास्टरांनी निदान करून टाकलं, “लोक घालतात, मिरवतात अन् वापस करतात. जमानाच तसा हाय.”

हे निदान डोक्यात पक्कं बसलेलं असतानाच बाजाराच्या दिवशी कोकिळा दुकानात आली. जवळच्या खेड्यातली ही बाई वेचणीच्या बायांची टोळी चालवते. तिनं टोळीसाठी फोनवरून कोट मागवले होते आणि त्यातला स्वतःचा घेऊन ती थेट दुकानात आली होती, कारण पार्सल न्यायला तिच्या गावात कोणी येत नाही.

“मास्टर, पहिल्याच दिवशी बगलेत फाटला पाहा. बाकीच्या बायाईचंही तसंच झालं. बदलून द्या.”

दुकान भरलेलं होतं. मास्टरांनी कोट हातात घेतला, उलटापालटा केला आणि सगळ्यांदेखत नाकाला लावला.

“घामाचा वास मारते हा,” ते मोठ्यानं म्हणाले. “वेचणी झाली, पोट भरलं, आता कोट वापस! माह्या हातची शिलाई अशी फाटत नाही, बाई.”

कोणीतरी फिसकन हसलं. कोकिळेचा चेहरा उतरला. ती भांडेल असं मास्टरांना वाटलं होतं, त्यांची तयारीही होती. तिनं कोटाची नीट घडी घातली, पिशवीत ठेवला आणि गेली. मास्टरांनी पुढच्या गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवायला घेतलं.

थोड्याच दिवसांत फोनवर सूचना आली. कोटाचे रिटर्न फार आहेत, असंच राहिलं तर कोटाचं पान बंद होईल. वेचणी तर अजून बरीच बाकी होती.

“बंद होऊ दे,” मास्टर म्हणाले. “चोर गिऱ्हाईक नकोच.”

“अब्बा, आधी पाहू तरी,” यास्मीन म्हणाली. “सगळा ढीग एकत्र पाहून काय समजन? एकेक माल येगळा करू.”

दुपारच्या नमाजानंतर दोघं अंगणात सतरंजीवर बसली. यास्मीननं मालाप्रमाणे तीन ढीग केले. कुर्त्यांचा ढीग सगळ्यात उंच झाला. मास्टर लगेच म्हणाले, “पाह्य, बिमारी कुर्तीची हाय. कोटाचं नाव उगीच खराब करून राह्यले.”

“कुर्ती खपतेच किती, अब्बा! किती गेल्या अन् त्यातल्या किती आल्या, ते पाहा. कुर्ती दहात एखादी येते. कोट जवळजवळ निम्मे येऊन राह्यले.”

हिशेबात हरणं मास्टरांना नवं नव्हतं, ते त्यांना लागत नसे.

मग यास्मीननं फोनवर एकेका पिशवीमागचं कारण काढलं. गिऱ्हाईक माल परत करताना एका कारणावर बोट ठेवतं आणि वाटलं तर दोन शब्द लिहितं. कुर्तीला बहुतेकांचं एकच म्हणणं होतं, फोटोसारखी नाही. फोटो यास्मीनच्या नवऱ्यानं, फहीमनं, दुकानातल्या दिव्याखाली काढलेला. त्यात कुर्ती मोरासारखी झळकत होती आणि हातातली तर शाईसारखी गडद. उन्हात नवे फोटो काढायचं ठरलं. परकराचा रंग जात होता, पण सगळ्या परकरांचा नाही. पिशव्यांवरच्या खुणा जुळवल्या, तेव्हा दिसलं की तक्रारीचे सगळे एकाच गठ्ठ्यातले आहेत. यास्मीननं त्यातला एक बादलीत बुडवला आणि पाणी लालभडक झालं. तो गठ्ठा व्यापाऱ्याला परत जायचा आणि इथून पुढं प्रत्येक गठ्ठ्यातला एक आधी बादलीत जायचा.

इथवर मास्टर खुशीत होते. चूक पोराची निघाली, चूक व्यापाऱ्याची निघाली.

कोटाला मात्र तीन-तीन कारणं होती. कोणी लिहिलं होतं साइझ लहान, कोणी लिहिलं होतं दर्जा खराब, फाटला. कोणी नुसतंच, आता नको.

“‘आता नको’वाल्यांचं काही सांगता येत नाही,” यास्मीन म्हणाली. “त्याहिचं बाजूले ठेवू. हे फाटलेले पाहा बरं तुम्ही. शिलाईचं मले काय समजते.”

मास्टरांनी पहिला कोट उचलला आणि सवयीनं नाकाशी नेला. घामाचा वास आला. दुसऱ्याला आला, तिसऱ्यालाही आला. “पाह्यलं?” ते म्हणणार होते, पण तोवर त्यांची बोटं बगलेपाशी गेली होती आणि बोटांना जे कळलं ते नाकाला कळलं नव्हतं. टीप शाबूत होती. एक टाका उसवला नव्हता. कापड टिपेच्या शेजारून फाटलं होतं. दुसरा कोट तसाच, तिसराही. शिलाई कच्ची असली तर टीप सुटते. टीप राहून कापड फाटतं, ते एकाच गोष्टीनं. कोट अंगाला तंग असला आणि हात ओढला की.

अळीनं खाल्लेलं बोंड सरळ फुटत नाही, त्याची घट्ट, अर्धवट उघडलेली कवडी होते. बोटं घालून, ओढून तो कापूस काढावा लागतो. दिवसभर हात ओढायचा, तोही तंग बाहीत.

म्हणजे ‘साइझ लहान’ आणि ‘दर्जा खराब’ ही दोन दुखणी नव्हतीच. ज्यांना कोट चढलाच नाही त्यांनी एक लिहिलं, ज्यांनी कसाबसा चढवून कामाला हात घातला त्यांनी दुसरं.

“सगळ्यात मोठ्या साइझचा एकही फाटून नाही आला,” यास्मीन हळू आवाजात म्हणाली.

“टेप आन,” मास्टर म्हणाले.

चाळीसचा कोट त्यांनी सतरंजीवर पसरला, टेप लावली. बरोबर चाळीस. फोनवर ‘छाती’ या शब्दापुढंही चाळीसच. माप कुठं चुकलं होतं?

यास्मीननं फोनवरच्या ‘छाती’ या शब्दावर बोट ठेवलं आणि मास्टरांना आठवलं. पान चढवताना तिनं विचारलं होतं, “अब्बा, हे माप अंगाचं की कपड्याचं?” आणि ते म्हणाले होते, “माप म्हंजे माप. तू बटनं दाब.”

त्यांच्यापुरतं ते खरंही होतं. बायकांच्या अंगाला टेप लावायची त्यांच्या धंद्यात रीत नाही. बाई मापाचं ब्लाउज आणून देते, मास्टर त्या ब्लाउजाला टेप लावतात. जन्मभर त्यांनी कापडच मोजलं होतं. कोट बेतला, शिवला, टेबलावर पसरून मोजला आणि आकडा सांगितला. दुकानात येणारी बाई साडीवर कोट चढवून बघायची, तंग वाटला की मोठा मागायची, म्हणून तिथं कधी तक्रार आली नाही. फोनवरची बाई मात्र ‘छाती चाळीस’ वाचून समजणार की चाळीस छातीच्या बाईसाठी. मग तो कोट तिच्या ब्लाउजावर, साडीच्या पदरावर चढणार कसा आणि चढला तरी हात पुढं जाणार कसा?

आणि घाम! कामाला लागल्याशिवाय कोट फाटतो हे कळणार कोणाला? प्रत्येक फाटलेल्या कोटाला घामाचा वास येणारच होता.

मास्टरांचे कान तापले. भरल्या दुकानात बाईच्या अंगावरचा कपडा आपण नाकाला लावला, हे त्यांना आत्ता दिसलं, जणू दुसऱ्याच कोण्या माणसानं ते केलं होतं आणि ते बघत उभे होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेसमोर बसवेना, म्हणून ते पाणी प्यायला उठले आणि आत जाऊन पाणी न पिताच उभे राहिले.

पुढचे काही दिवस ते मशीनवरून हलले नाहीत. कोट नव्यानं बेतला, अंगात ढिला केला, बगलेत चौकोनी तुकडा जोडला. यास्मीननं पान बदललं. अंगाचं माप वेगळं, कोटाचं वेगळं, वर ठळक ओळ, ‘साडीवर घालायचा कोट’. फोटोत जाहिरातीतल्यासारखी हसरी पोरगी नव्हती, साडीवर कोट घालून हात पुढं ताणलेली शेजारीण होती. “झालं ना दुरुस्त?” मास्टरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “नवे कोट किती वापस येतात, ते पाह्यल्यावरच सांगीन.” ही पोरगी आपल्यापेक्षा बरी, असं त्यांच्या मनात आलं. आधी मोजते, मग बोलते.

मग टोळीपुरते नवे कोट घेऊन ते कोकिळेच्या गावी गेले. ती ओट्यावर तूर निवडत होती. मास्टरांनी गठ्ठा खाली ठेवला.

“चूक माही होती, बाई. माप म्याच चुकीचं सांगतलं. मले माफ करा.”

कोकिळेनं गठ्ठ्याला हात लावला नाही.

“इथं कोन हाय ऐकाले?” ती म्हणाली. “तुम्ही तं सगळ्याईसमोर बोलले होते. मांगून टोळीतल्या बायाईनं मले इचारलं, तू काय चोरी कराले गेलती का. येईन मी बाजाराच्या दिवशी.”

परतताना एसटीत मास्टर गठ्ठा मांडीवर घेऊन बसले. लोक विचारत होते काय आहे, ते सांगत नव्हते. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. त्याचीही त्यांना लाज वाटली.

ती आली, टोळीतल्या बाया बरोबर घेऊन. दुकान तसंच भरलेलं होतं. मास्टर उठून उभे राहिले. ज्या तोंडानं आयुष्यभर मापाची बढाई मारली, त्याच तोंडानं आता चूक सांगायची होती.

“आइका हो,” ते म्हणाले. “मांगं एका बाजारी या बाईले मी लबाड म्हनलं. लबाडी तिची नव्हती. कोटाचं माप मी चुकीचं देल्लं, म्हनून फाटले. वास घेतला, ते तं लयच वाईट केलं मी.”

कोणी हसलं नाही. लोक हसले असते तर बरं झालं असतं, असं मास्टरांना वाटलं.

कोकिळेनं नवा कोट साडीवर चढवला, बटणं लावली, दोन्ही हात पुढं ताणले, मग वर केले. कुठं ओढ बसली नाही. “बसला,” ती बायांना म्हणाली आणि बाया आपापले कोट घेऊ लागल्या.

मग तिनं पिशवीतून जुना कोट काढून मास्टरांच्या पुढ्यात ठेवला. नीट घडी घातलेला, पांढरा स्वच्छ, फाटका.

“बदल्यात हा वापस घ्या,” ती म्हणाली. “दोनदा धुतला हाय. वास नाही येनार आता.”

मास्टरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. वर बघायचं त्यांना धैर्य झालं नाही. ती दुकानाची पायरी उतरून गेली तरी ते तसेच खाली बघत उभे होते.