ने म्हणजे बाय

दहावी 'ब'च्या वर्गात मी डस्टर टेबलावर असा आपटला की पहिल्या बाकावरच्या मुली खडूच्या धुळीने खोकू लागल्या. फळ्यावर एकच वाक्य होतं: 'मुलीने पेला फोडला.' मी त्याचं इंग्रजी करायला सांगितलं होतं, आणि निम्म्याहून जास्त वह्यांत एकच उत्तर होतं: 'द टम्बलर वॉज ब्रोकन बाय द गर्ल.'

"हे बाय कुठून आणलंत?" मी विचारलं.

"मॅडम, ने आहे की," एक मुलगी म्हणाली. "ने म्हणजे बाय."

कुणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर उन्हाळी क्लास चालतो, तिथं हे सूत्र मुलांकडून घोकून घेतात. ने दिसला की बाय, कडून दिसलं तरी बाय, आणि खाली दोन रेघा. तो क्लास चालवणाऱ्या गृहस्थांना एकदा गाठून दोन शब्द सुनवावेत असं माझ्या कितीदा तरी मनात आलं आहे. मला राग लवकर येतो, हे सोलापुरातल्या तीन-चार शाळांना ठाऊक आहे. पण मुलांना चुकीचं शिकवून वर हुशार म्हणवून घेणाऱ्यांचा जसा राग येतो, तसा मला कशाचाच येत नाही.

खिडकीजवळच्या बाकावरची वर्गप्रमुख मुलगी उभी राहिली. ती मोहोळकडच्या खेड्यातली, इथं मामाकडे राहून शिकणारी, आणि मनात आलेला प्रश्न न गिळणारी. ती म्हणाली, "पण मॅडम, मराठीच्या सरांनी सांगितलंय, मुलीने पेला फोडला हा कर्मणी प्रयोग हाय. कर्मणी म्हंजे पॅसिव्हच की."

प्रश्न चांगला होता, त्यामुळे माझा आवाज जरा खाली आला. मी फळ्यावर आणखी दोन वाक्यं लिहिली: 'मुलीने काच फोडली', 'मुलीने भांडं फोडलं'. क्रियापद बघा, म्हटलं. पेला फोडला, काच फोडली, भांडं फोडलं. मुलगी तीच, पण क्रियापद तिच्याकडे बघतसुद्धा नाही, कर्माच्या मागं जातं. म्हणून मराठीचे सर त्याला कर्मणी म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण इंग्रजीचा पॅसिव्ह ही वेगळी गोष्ट आहे. तिथं कर्म वाक्याच्या पहिल्या खुर्चीवर येऊन बसतं, क्रियापदाला वॉज किंवा वेअर लागतं, त्याचं तिसरं रूप येतं आणि करणारा शेवटी बायच्या मागं जातो, नाहीतर गायबच होतो. 'मुलीने पेला फोडला' मध्ये मुलगी कुठं बसली आहे? पहिल्या खुर्चीवर. मग सरळ म्हणा, 'द गर्ल ब्रोक द टम्बलर.'

"आता हेच रोजचं करा. मुलगी पेला फोडते. ने कुठं गेला? तो बाय असता तर असा पळाला असता का? तो नुसता भूतकाळाचा पाहुणा आहे. आणि मी, तू म्हटलं की तो भूतकाळातही येत नाही. मी पेला फोडला."

मग मी त्यांना त्यांच्याच वह्या उघडायला लावल्या. 'मी पोळी खाल्ली' याचं सगळ्यांनी 'आय एट' असं बरोबर केलं होतं, आणि 'तिने पोळी खाल्ली' याचं मात्र बाय हर. स्वतः खाल्लं की अॅक्टिव्ह आणि दुसरीने खाल्लं की पॅसिव्ह! वर्ग हसला आणि मीही हसले. मराठीत खराखुरा पॅसिव्ह हवा असेल तर 'पेला फोडला गेला', किंवा सरकारी थाटात 'पेला फोडण्यात आला', असं सांगून मी तास संपवला. मला वाटलं, चला, एक खिळा उपटला.

दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यांच्या कार्यालयाबाहेर ढाली आणि करंडक ठेवायचं सरकत्या काचांचं कपाट आहे. त्याची एक काच फुटून व्हरांड्यात पडली होती आणि शिपाई खराट्याने तुकडे गोळा करत होता. आत ती वर्गप्रमुख मुलगी उभी होती. तिच्या बोटाला रुमाल गुंडाळलेला होता.

संस्थेचे पाहुणे येणार म्हणून सकाळी मुख्याध्यापक सरांनीच तिला कपाट पुसायला सांगितलं होतं. तिने काच सरकवली आणि ती खोबणीतून निसटून खाली आली. त्यात नवल काहीच नव्हतं. काचेखालची पट्टी केव्हाच गेली होती आणि कागदाची घडी खोचून ती उभी केलेली होती. शिक्षकांच्या बैठकीत मी स्वतः हे सांगितलं होतं, आणि 'काच दुरुस्त करण्यात येईल' असं इतिवृत्तात लिहिलंही गेलं होतं. कोण करील, ते लिहिलं नव्हतं.

"मॅडम, तुमच्याच वर्गाची," सर म्हणाले. "कबुली दिलीय. संस्थेला कळवावं लागेल. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात मी चांगली असं लिहू शकत नाही."

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो रकाना असतो. तिथं 'चांगली' सोडून दुसरं काही आलं की अकरावीच्या प्रवेशाला प्रत्येक टेबलावर प्रश्न सुरू होतात. आणि या मुलीला आधीच घरी सांगून ठेवलं होतं की जवळ प्रवेश मिळाला तर शीक, नाहीतर गावाकडं चल. हे तिनेच मला सांगितलं होतं. म्हणजे त्या एका शब्दावर तिचं पुढचं शिक्षण अडकलं होतं.

सरांनी कागद पुढं केला. आपली शाळा आता सेमी इंग्लिश झाली, तेव्हा खुलासाही इंग्रजीत हवा, हा त्यांचा हट्ट. कागदावर तिच्या सुबक अक्षरात एक ओळ होती: 'द ग्लास वॉज ब्रोकन बाय मी.'

"तू सरांना तोंडी काय सांगितलंस?" मी तिला विचारलं.

"माझ्याकडनं काच फुटली, म्हटलं." तिने बोटावरचा रुमाल घट्ट केला. "कडनं म्हंजे बाय लिवायचं ना मॅडम? क्लासात तसंच हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आदल्या दिवशी तासभर घसा फोडून मी ने उपटला होता आणि कडून तसंच ठेवून घरी गेले होते.

"सर," मी म्हटलं, "ही फुटली म्हणतेय, फोडली नाही म्हणत. आपल्या भाषेत ही दोन क्रियापदं आहेत. काच फुटते ती आपली आपण, आणि फोडतो ते आपण. माझ्याकडून फुटली म्हणजे माझा हात होता, पण मनात नव्हतं. तुमच्या हातून चहा सांडला तर तुम्ही माझ्याकडून सांडला म्हणता ना? की मी सांडवला म्हणता? इंग्रजीत फुटायला आणि फोडायला दोन्हीला ब्रेकच आहे. 'द ग्लास ब्रोक' म्हटलं की काच फुटली. त्याला वॉज आणि बाय मी लावलं की फोडणारी मी झाले. मुद्दाम की चुकून, ते बाय सांगत नाही, वेगळं लिहावं लागतं. या पोरीने तुम्हाला खरं सांगितलं आणि तिच्याच वाक्याने तिला फासावर नेऊन चढवलं."

"मॅडम, तो व्याकरणाचा भाग झाला," सर म्हणाले. "कागदावर आहे ते आहे. कारवाईचा निर्णय घेण्यात आलेला आहे."

"कोणी घेतला?"

"म्हणजे, घेण्यात आलेला आहे."

मला तो कागद टराटरा फाडावासा वाटला. काच दुरुस्त करण्यात येईल, निर्णय घेण्यात आला आहे, आणि सगळ्या शाळेत कर्ता म्हणून सापडली ती ही एक पोर! मी म्हटलं, "खुलासा लिहिण्याचा तिला हक्क आहे. ती पुन्हा लिहील," आणि तिला घेऊन वर्गात आले.

वर्ग रिकामा होता. मी एक शब्दही सांगणार नाही, म्हटलं, फक्त विचारीन. ती खाली मान घालून लिहू लागली. 'आय वॉज टोल्ड टू क्लीन द कबर्ड. द ग्लास वॉज लूज. व्हेन आय स्लिड इट, इट फेल अँड ब्रोक.' 'स्लिड' एवढा एकच शब्द तिने मला विचारून घेतला, बाकी सगळं तिचं. मग पहिल्या वाक्यावर तिचं पेन थांबलं.

"मॅडम, हितं बाय लिवू का? पेपरात न्हाय लिवलं तरी मार्क मिळत्यात."

"बाय कधी गाळतात?"

"कर्ता माहीत नसला तर. न्हायतर महत्त्वाचा नसला तर."

"मग? माहीत आहे?"

"व्हय."

"महत्त्वाचा आहे?"

तिने रुमाल गुंडाळलेल्या बोटाकडं बघितलं आणि ओळीच्या वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: 'बाय द हेडमास्टर.'

आम्ही परत गेलो. सरांनी नवा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग पेनाचं टोक त्या तीन शब्दांवर टेकवून मला विचारलं, "मॅडम, एवढं गाळलं तरी वाक्य बरोबरच राहतं ना?"

"व्याकरणाने राहतं," मी म्हटलं. रागाने माझे कान तापले होते आणि पुढचं वाक्य मी जुळवतच होते, तेवढ्यात दाराशी उभी असलेली ती मुलगी बोलली.

"सर, हितलं बाय काढलं, तर माझंबी काढा."

टेबलावर 'बाय मी' लिहिलेला पहिला कागद उघडाच पडला होता. सरांनी नवा कागद त्याच्याशेजारी ठेवला. बाहेर शिपाई काचेचे तुकडे पत्र्याच्या डब्यात टाकत होता, तो आवाज आत येत होता. अखेर सरांनी पेनाला टोपण लावलं.

"ठीक आहे. वर्तणूक चांगली असं लिहिण्यात येईल."

"कोण लिहील, सर?" मुलीनेच विचारलं. आवाजात उद्धटपणा नव्हता, तासाला विचारावं तसं तिने विचारलं.

त्यांनी माझ्याकडं रागाने पाहिलं. मीही तितक्याच रागाने पाहिलं.

"मी," ते म्हणाले. "मी लिहीन."