चुकलेली मोजणी

वस्तीतल्या दवाखान्याच्या नर्सताईंना सगळे पाठीमागे ‘रेडिओ’ म्हणत. दारात चप्पल काढल्यापासून त्यांचं सुरू व्हायचं ते निघेपर्यंत. त्या रेडिओला शिंप्याच्या सुनेने भरदुपारी घरी बोलावून आणलं, कारण पाच महिन्यांच्या बाळाच्या खोकल्याने तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सासूबाईंना हा सगळा खुळेपणा वाटत होता. “हिने सकाळी झबलं वर करून श्वास मोजले. म्हणे मिनिटाला शंभरच्या वर! बाळ आहे की शिवणयंत्र?” नवराही हसला होता. सून बिचारी ओशाळून उभी होती.

बाळ रडत होतं. “रडताना मोजलं तर काहीच्या बाही येतं,” म्हणत नर्सताईंनी त्याला आधी पाजायला लावलं. पिताना त्याला धाप लागत होती, मध्येच ते थांबत होतं. शेवटी ते मांडीवर शांत झालं. ताईंनी त्याचं झबलं वर केलं, सुनेच्या नवऱ्याला खडखडणारं शिवणयंत्र थांबवायला सांगितलं, घड्याळाच्या सेकंदकाट्यावर एक डोळा ठेवला आणि पूर्ण मिनिटभर गप्प बसल्या. ताईंना असं गप्प बघून सासूबाईसुद्धा धास्तावल्या.

“अठ्ठावन्न.”

सुनेचा जीव भांड्यात पडला. लाजही वाटली. “म्हणजे मी दुप्पट मोजलं?”

“तू छाती वर आली की एक, खाली गेली की दुसरा धरलास. वर-खाली मिळून एकच श्वास.” पण ताई हसल्या नाहीत. “या वयाला पन्नास किंवा जास्त म्हणजे श्वास जलदच. आणि हे बघा.” त्यांनी बरगड्यांच्या खालच्या कडेवर बोट दाखवलं. श्वास आत घेताना तिथे छाती फुगायच्या ऐवजी आत ओढली जात होती, प्रत्येक श्वासाला. “हा साधा खोकला नाही. न्यूमोनिया दिसतोय. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलला.”

औषधाचा पहिला डोस त्यांनी तिथेच पाजला, चिठ्ठी लिहिली, “वाटेतही दूध पाजत राहा, ऊब द्या,” म्हणत रिक्षा थांबवली आणि स्वतःही आत बसल्या.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं लागली. सुनेने ते दिवस कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. बाळ घरी आल्यावर ताई बघायला आल्या. बाळ न थांबता दूध पीत होतं. सासूबाईंनी ताईंचे दोन्ही हात धरले. “तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही होतात म्हणून नातू घरी आला.”

“अहो, माझे कसले? मी काय, बोलावलं म्हणून आले. माझ्या आधी या घरात बाळाचं झबलं वर करून बघितलं कुणी?”

सासूबाई सुनेकडे वळल्या. त्यांनी तिला जवळ ओढून घेतलं आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती पोर त्यांच्या खांद्यावर ओक्साबोक्शी रडली.