डोक्याने मारलेला गोल

माझ्या दोन नाती एकाच घरात राहतात, एकाच ताटलीतली चटणी खातात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. कुणी कारण विचारलं की मी फुटबॉल म्हणून सांगते. लोक हसतात. हसणाऱ्यांना मी पुढचं सांगत नाही.

आमचं गाव आंजीच्या अलीकडे. पालक, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावतो आणि वर्ध्याच्या बाजारात विकतो. मी चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे मोठी नात काय काम करते ते समजायला मला वेळ लागला. ती वर्ध्याला एका ऑफिसात जाते. तिथं पोरंपोरी कॉम्प्युटरवर परदेशातल्या मॅच बघतात आणि गोलाकडे मारलेला एकेक फटका नोंदवतात. कुठून मारला तिथं मैदानाच्या चित्रावर ठिपका ठेवायचा. मग पायाने मारला की डोक्याने, मध्ये कोण उभं होतं, बॉल कुणी दिला, असं सगळं भरायचं, की मशीन त्या फटक्याला आकडा देतं. यासाठी पगार मिळतो हे ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, पोट्टी फसवली गेली.

धाकटी खेळायची. ती दहावीत होती तेव्हा नागपूरच्या एका अकादमीला आमच्या जिल्ह्यातून एक मुलगी हवी होती, पुढे खेळणारी, गोल मारणारी. राहणं, जेवण, शाळा सगळं तिकडचंच. वयाची अट होती, त्या वर्षी नाही तर कधीच नाही. धाकटीनं दुसऱ्या कशाचा विचारच केला नव्हता. नागपूरला नेण्यासाठी बॅगसुद्धा तिनं बघून ठेवली होती, लाल रंगाची.

निवडीच्या मॅच वर्ध्याला झाल्या. मी एक पाहिली. धाकटीनं लांबून असा फटका मारला की बॉल गोलकीपरच्या डोक्यावरून वरच्या कोपऱ्यात गेला आणि बाजूला उभे असलेले बाप्ये खुर्च्यांवरून उठले. असे लांबचे तिनं त्या सगळ्या मॅचमध्ये मिळून बरेच मारले, त्यातले तीन गेले. एक गोल तिनं अगदी जवळून मारला. नाचणगावची एक पोरगी होती, धाकटीच्याच टीममध्ये, तीही याच जागेसाठी. तिनं गोलासमोरून इतके बॉल वाया घालवले की मला तिची कीव आली. तिचा एकच गोल झाला. आपली गेली नागपूरला, असं मी घरी येऊन सांगून टाकलं.

पण अकादमीच्या कोचला गोल मोजायचे नव्हते, मशीनचे आकडे बघायचे होते. त्यानं मॅचची रेकॉर्डिंग मोठीच्याच ऑफिसात नोंदवायला दिली आणि साहेबानं ती मोठीच्या हातात ठेवली, कारण बाकीचे परदेशी मॅचमध्ये गुंतले होते. मी तिला म्हटलं, "बहिणीची मॅच आहे, दुसऱ्याले दे." ती म्हणाली, "कोचले माईत आहे आजी. तो म्हणाला, तू बरोबर करशील." ही शाबासकी तिला फार आवडली होती.

रविवारी ती ओसरीत लॅपटॉप घेऊन बसली. मी मेथीच्या जुड्या बांधत होते. धाकटी तिच्या मागं उभी.

"हा जो लांबून मारला ना," मोठी म्हणाली, "याचे मशीन कितीक देते ते पाह्य. शंभरात तीन-चार."

"गेला तं! गोल झाला तं!" धाकटी म्हणाली.

"मशीनले गोल झाला का नाई याच्याशी मतलब नाई. त्यानं असे हजारो फटके पाह्यले आहेत. या जागेवरून असे शंभर मारले तं किती जातात, तेवढंच ते सांगते. तुहा गेला, ते तुहं नशीब."

"नशीब? तू मारून दाखव मंग."

मी म्हटलं, लांब-जवळ मला कळतं, पण तिनं बाजूने मारलेल्याला इतके कमी का? मोठीनं मला गोठ्यासमोर नेलं आणि दारापुढे सरळ उभं केलं. दार पूर्ण दिसत होतं, आतली गायही. मग तिनं मला भिंतीकडे सरकवलं, अगदी भिंतीला लागून. "आता दार किती दिसते?" दाराची नुसती फट दिसत होती. "गोलही तसाच. बाजूले गेलं का बारीक होते. आणि त्या फटीत गोलकीपर उभी." हे मला पटलं. गाईलाही पटलं असावं, तिनं मान हलवली.

मग तो जवळचा गोल आला. धाकटी गोलापुढे, बरोबर मधोमध. बॉल तिच्याकडे आला, ती वाकली, आणि बॉल आत. कॅमेरा गच्चीवर होता आणि तिची पाठ कॅमेऱ्याकडे होती. पुढं आणखी एक पोरगी आडवी. पायाने मारला की डोक्याने, काही दिसत नव्हतं. मोठीनं तो तुकडा पुन्हा पुन्हा चालवला.

"पाय लिही," धाकटी म्हणाली.

"काऊन?"

"पायाचे जास्त भेटतात, तूच सांगतलं."

ते खरं होतं. त्याच जागेवरून पायाने मारला तर आकडा चांगला मोठा, डोक्याने मारला तर त्याच्या निम्म्याहून कमी. डोक्याने जोर येत नाही आणि नेमही धरता येत नाही, म्हणून.

"तू डोक्यानं मारला," मोठी म्हणाली.

"कुठं दिसून राह्यलं?"

"दिसत नाई. पण तू तिथं पाय घालतच नाईस. लहानपणापासून नाई घालत."

इथं आमच्या मैदानाचं सांगावं लागेल. आमच्या गावी मैदानावरच बैलबाजार भरतो. बैल बांधायचे खुंटे नेमके गोलाच्या खांबांपुढे ठोकतात, कारण निंबाची सावली तिथंच पडते. बाजार उठला की खुंटे जातात, खड्डे राहतात. बॉल जमिनीवरून तिथं नेला की खड्ड्यात पडतो आणि कुठंही उडतो. पाय घातला तर मुरगळतो. म्हणून आमच्या पोरी दोनच गोष्टी शिकल्या. लांबून मारायचं, नाहीतर बॉल हवेत असतानाच डोक्यानं ढकलायचं. वर्ध्याच्या मैदानावर एकही खड्डा नव्हता. तरी धाकटी तिथं गेली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर आलेल्या बॉलला डोकं लावायला वाकली. पाय लावला असता तरी गोल झालाच असता. दुसऱ्या गावच्या पोरीनं पायच लावला असता.

हे फक्त घरच्या माणसाला माहीत होतं. परक्यानं पाहिलं असतं तर पाय लिहून मोकळा झाला असता.

"ताई," धाकटी म्हणाली, "एकच तं आहे. बाकी सगळे लांबचे आहेत, त्यांचं मी काई म्हणत नाई."

मोठीनं तो तुकडा पुन्हा मागं नेला.

मी म्हटलं, "लिहून टाक व पाय. कोण पाह्यते?"

"आजी, ते खोटं होईन."

"होऊ दे खोटं. बैलायच्या खुंट्यापाई पोट्टीचं नुसकान कायले?"

"मशीनले खुंटे माईत नाई."

"तुले तं माईत आहे ना!"

तिनं डोक्याचं बटण दाबलं. आम्हा दोघींच्या समोर. धाकटी आत गेली आणि तिनं जेवायला यायला नकार दिला. मी तेव्हा मोठीला जे बोलले ते मी परत घेतलेलं नाही. खोटं लिहायला सांगितलं म्हणून मला अजूनही काही वाटत नाही.

निकालाच्या दिवशी त्यांचा बाप मोटर दुरुस्तीत अडकला होता, म्हणून धाकटीला घेऊन मी वर्ध्याला गेले; मोठी ऑफिसातून तिथं आली. कोच भला माणूस वाटला. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. नाचणगावची घेतली, म्हणाला.

"तिनं तं सगळे चुकवले," मी म्हटलं.

"चुकवले, पण आजी, ती तिथं पोचली ना! दर वेळेस गोलासमोर, दर वेळेस पाय मोकळा. जी जागेवर पोचते तिले मारणं शिकवता येते. लांबून गेलेले रोज नाई जात. तुमची पोरगी चांगली आहे. दोघींचं जवळजवळ होतं. तो एक गोल पायाचा असता तं मी पुन्हा विचार केला असता."

मोठी बाजूला उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायचा नव्हता. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, नाचणगाववालीचे बहुतेक चान्स माह्या बहिणीच्याच पासवर झाले आहेत. मी भरलं आहे ते."

"भरलं आहेस, मी पाह्यलं. पासचा हिशेब वेगळा निघते. पण मले पास देणारी नको होती, ती माह्याजवळ आहे. मले स्ट्रायकर पाह्यजे होती." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमची ही नात मात्र खरं काम करते. बहिणीलेही सोडलं नाई."

हे तो कौतुकानं बोलला. धाकटी दारात उभी होती. तिनं ऐकलं.

मोठीला त्यानंतर अकादमीच्या सगळ्या मॅच नोंदवायचं काम मिळालं. तिची नोकरी पक्की झाली. नाचणगावची पोरगी तिथं आता गोल मारते, मोठीच तिचे ठिपके ठेवते. मशीनचं बरोबर निघालं. बरोबर निघालं याचाच मला जास्त राग येतो. चुकलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

धाकटीनं खेळणं सोडलं नाही. लाल बॅग मात्र कुणी घेतली नाही. ती संध्याकाळी गावच्या मैदानावर जाते. मीही भाजी धुऊन झाली की कट्ट्यावर जाऊन बसते. परवा ती गोलापासून लांब होती तेव्हा तिच्याकडे बॉल आला, समोर सगळं मोकळं. पोरी ओरडल्या, "मार! मार व!" बाप्ये उठून उभे राहिले, पूर्वीच्या सवयीनं. तिनं मारला नाही. बॉल पायाशी घेऊन ती आत शिरली, मधोमध, खुंट्यांच्या खड्ड्यांपर्यंत. तिनं पाय उचलला. बॉल खड्ड्यात आपटून बाजूला उडाला आणि पाय हवेतच फिरला. ती पडली, उठली, गुडघा झटकला. पुढच्या वेळी बॉल आला तेव्हा पुन्हा तिथंच गेली.

बहिणीशी ती बोलत नाही, पण ऐकते तिचंच.

मोठी ऑफिसातून येऊन माझ्यामागं उभी होती. मला तिची चाहूल लागली नव्हती. "जागा बरोबर होती," ती म्हणाली.

"मंग जा, तिले सांग."

ती गेली नाही. घरी जाऊन तिनं चूल पेटवली आणि धाकटीचं ताट वेगळं वाढून झाकून ठेवलं.