अर्जातला तिसरा परिच्छेद

अर्जाचे पहिले दोन परिच्छेद मी एका बैठकीत लिहिले. रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलला औषध विभागासाठी फार्मासिस्ट हवा होता आणि ती जागा मला मनापासून हवी होती. तेव्हा मी मिरकरवाड्याच्या रस्त्यावरच्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर होते. राहायला एकटीची खोली. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचं, नंतर कुणाशीच नाही. कुकरची शिट्टी झाली की मी मोठ्यानं "आले, आले" म्हणायचे, एवढीच काय ती करमणूक.

पहिला परिच्छेद अचूकपणाचा. एका चिठ्ठीत तीन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचा डोस पडला होता. मी औषध न देता डॉक्टरांना फोन केला. ते आधी तडकले, मग त्यांनी चिठ्ठी बदलून दिली. दुसरा परिच्छेद रुग्णांना समजावण्याचा. दम्याचा त्रास असलेल्या, मोहल्ल्यातल्या एक खाला यायच्या. पंप तोंडात दाबायच्या आणि लगेच श्वास बाहेर सोडायच्या, म्हणजे औषध हवेत. मी तीनदा करून दाखवलं, मग त्यांच्याकडून करून घेतलं. महिन्यानं त्या मुद्दाम सांगायला आल्या की आता जिना चढता येतो. हे लिहिताना माझी छाती फुगली होती, कशाला खोटं बोलू?

तिसरा परिच्छेद कायद्याचा. 'औषधविक्रीच्या नियमांची मला पूर्ण जाणीव आहे' एवढं लिहिलं आणि पेन अडलं.

कारण माझ्या नोंदणीचा मूळ दाखला लांज्याला, मामाच्या मेडिकलच्या भिंतीवर होता. दुकानाच्या परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, असा नियम. आणि गेले सहा महिने मी त्या दुकानात पाऊलही टाकलं नव्हतं.

आईवडील गेल्यावर मामानं मला वाढवलं, डिप्लोमा करवला. नंतर दोन वर्षं मी खरोखरच त्याच्या दुकानात बसले. मग मामेभावाचं लग्न झालं, घर भरलं, मी बाहेर पडले. दाखला राहू दे, मामा म्हणाला, मी राहू दिला. अशी कितीतरी दुकानं चालायची. घरचंच दुकान म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

निवड झाली तर बघू, असंही मनात आलं. अर्जाला झेरॉक्स जोडली की काम भागत होतं. पण ते एक वाक्य मला रोज वेडावून दाखवायचं. चौथ्या दिवशी एसटीनं लांज्याला गेले.

मामा गोळ्यांची पट्टी कापत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं कात्री खाली ठेवली.

"दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत थांबशील?" त्यानं विचारलं.

"तोवर तू औषधं विकणार, आणि नाव माझं," मी म्हटलं. हे मला जरा मऊपणानं म्हणता आलं असतं.

त्यानं स्टूल ओढलं, दाखला उतरवला, फडक्यानं काच पुसली. "तुझा दाखला तुझा. घेऊन जा गो," म्हणाला. जेवून जा म्हणाला नाही.

नाव कमी करण्याचा अर्ज मी औषध प्रशासनाच्या ऑफिसात दिला आणि तिसरा परिच्छेद लिहिला: माझ्या नावावर एक दुकान मी हजर नसताना सहा महिने चाललं, ती चूक माझी, आता नाव काढून घेतलं आहे. मुलाखतीत मुख्य फार्मासिस्टबाईंनी तो दोनदा वाचला. "हे लिहिलं नसतंत तर आम्हाला कळलंही नसतं," म्हणाल्या. मी मान डोलावली. आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं.

ते हातात घेऊन मी एसटीडी बूथवर गेले. लांज्याचा नंबर फिरवला. मामी म्हणाली, ते कामात आहेत. दुसरं कुणाला सांगावं हे सुचेना, म्हणून बूथवाल्यालाच सांगितलं. त्यानं सुटे पैसे परत देत "छान" म्हटलं.

मामाला फार्मासिस्ट मिळाला नाही. औषधं परत गेली आणि दुकानात वह्या, थंड पेयं आली. हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

वर्षभरानं हॉस्पिटलच्या खिडकीत एक चिठ्ठी आली. नाव वाचून मान वर केली. मामाच होता, वाळलेला. मधुमेह निघाला होता. मी गोळ्या काढल्या, नाव, ताकद, तारीख तपासली. मागं रांग होती. मी जे सगळ्यांना सांगायचे तेच सांगू लागले: ही जेवणाआधी, ही जेवल्यावर, उपाशी राहायचं नाही, घाम सुटला, थरथर झाली तर लगेच साखर खायची.

उभा जन्म औषधं विकलेला माणूस. त्यानं प्रत्येक गोष्टीला मान हलवली आणि पाकीट उचललं.

"समजलं, मॅडम," म्हणाला, आणि मागच्याला जागा करून दिली.