नंबर बंद झाल्याचं पत्र

इचलकरंजीत आमचा यंत्रमागांचा छोटा कारखाना आहे. मी राहतो कोल्हापुरात आणि रोज मोटरसायकलवरून जातो-येतो. परप्रांतातून कामगार आला की मी त्याला आधी खोली दाखवायचो आणि मग सिम द्यायचो. चार सिम माझ्याच नावावर, एकाच बिलावर. कोण कधी कामावर येणार हे मला कळलं पाहिजे आणि त्यांना कागदपत्रांची कटकट नको, एवढाच विचार. आजूबाजूचे मालकही तेच करत होते. त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही, आणि कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

त्या उन्हाळ्यात एक कामगार गावी गेला तो परत आलाच नाही. महिन्याभरानं त्याच्या शेजारच्या मागावरचा माणूस सहज बोलून गेला, "शेठ, त्यानं जाताना मोबाईल विकला. स्टेशनवर. सिमसकट." माझ्या नावाचं सिम कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात फिरत होतं.

सोमवारी दुपारी कारखान्यातूनच कस्टमर केअरला फोन लावला. मागांच्या खडखडाटात एका कानात बोट घालून बोलत होतो. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगी बोलायला आली. मी म्हणालो, हा एक नंबर बंद करायचाय. तिनं जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, आणखी काहीबाही बोलली आणि शेवटी म्हणाली, "झालं सर." मी फोन ठेवला आणि सुटलो म्हणून चहा मागवला.

माझी बायको पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. जावक क्रमांक नसलेला कागद तिच्या लेखी कागदच नसतो. रात्री जेवताना तिनं विचारलं, "मेसेज आला का बंद झाल्याचा? तक्रार नंबर कुठाय?"

"बंद केलं म्हणाली की ती. आता काय स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ?"

"घ्यायचं हुतं की," ती म्हणाली आणि वाढायला उठली. ही बाई घरातसुद्धा ऑफिस घेऊन येते, असं म्हणून मी हसलो. त्या हसण्याची आज मला चीड येते.

पुढच्या मंगळवारी बिल आलं. चारही नंबर चालू. मी तेव्हाच फोन फिरवला, आणि बायको सुट्टी घेऊन घरीच होती, तिनं सांगितलं म्हणून स्पीकरवर ठेवायला लागला. या वेळी एक पोरगा होता. शांतपणे म्हणाला, "सर, नंबर बंद करण्याची कुठलीच विनंती तुमच्या नावावर नोंदलेली नाही."

माझा आवाज चढला. आठवड्यापूर्वी झालं म्हणालात, आता नाही म्हणता? त्यानं मग नव्यानं विनंती घेतली आणि म्हणाला, होऊन जाईल. मी म्हणालो, लेखी द्या. "तशी सोय नाही सर, आम्ही फोनवर लेखी देऊ शकत नाही." वरच्या साहेबाला जोडा म्हणालो तर साहेब मीटिंगमध्ये. मी शिव्या घालणार इतक्यात बायकोनं हात धरला आणि वहीवर लिहून पुढं सरकवलं : नाव, वेळ, विनंती नंबर.

तेवढं मात्र त्यानं दिलं. विनंतीचा नंबर दिल्याशिवाय सुटका नाही, हे त्यालाही ठाऊक असणार. फोन ठेवल्या ठेवल्या बायको म्हणाली, "लिवा आता. त्यांनी लेखी दिलं न्हाय तर आपण द्यायचं."

ती सांगत गेली आणि मी कंपनीच्या तक्रारींच्या पत्त्यावर ईमेल लिहीत गेलो. आज इतक्या वाजता या माणसाशी बोललो, हा नंबर बंद करायला सांगितला, हा विनंती नंबर मिळाला, लेखी मागितलं तर नाही म्हणाले. हे चुकीचं असेल तर तसं कळवा, नसेल तर बंद झाल्याची तारीख लेखी कळवा. गेल्या आठवड्यातल्या सोमवारीही फोन केला होता, त्या कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडं जाऊ, हे शेवटी. "ही ओळ वाचल्यावर उत्तर येतंय," ती म्हणाली.

बुधवारी ती मला कंपनीच्या दुकानात घेऊन गेली. अर्जाच्या दोन प्रती, आधारची झेरॉक्स. काउंटरवरचा म्हणाला, पोच देत नाही. "मग घेत न्हाय असं लिवून द्या," बायको म्हणाली आणि खुर्चीवर बसून राहिली. थोड्या वेळानं शिक्का आणि सही मिळाली. संध्याकाळी ईमेल आला, नंबर आजपासून कायमचा बंद. ते पत्र छापून तिनं फाईलला लावलं. मला वाटलं, संपलं.

दोन महिन्यांनी सायबर पोलिसांचा फोन आला. त्या सिमची सगळी कागदपत्रं घेऊन या, म्हणाले. आम्ही दोघं फाईल घेऊन गेलो. अधिकाऱ्यानं बंद झाल्याचं पत्र नीट वाचलं आणि बाजूला ठेवलं. "हे बरं केलं. ह्या तारखेनंतर काय झालं असतं तर तुमच्याशी संबंध नव्हता. पण फोन गेला तो त्याच्या आधीच्या गुरुवारी." कुरुंदवाडच्या एका निवृत्त शिक्षिकेला बँकेतून बोलतोय म्हणून त्याच नंबरवरून फोन गेला होता. आयुष्यभराची पुंजी गेली होती.

"पण साहेब, मी सोमवारीच बंद करा म्हणून सांगितलं हुतं! रेकॉर्डिंग मागवा."

"मागवलंय," तो म्हणाला आणि त्यानं ते लावलं.

मागांचा खडखडाट. माझा आवाज, घाईचा, वैतागलेला : हा नंबर बंद करायचाय. मग त्या मुलीचा : सर, बंद करण्याऐवजी महिनाभर छोट्या प्लॅनवर चालू ठेवते, नको वाटला तर पुढं बघू, चालेल ना? आणि परत मी : "बरं बरं, करा काय ते." त्यावर ती म्हणाली, "झालं सर."

हे मला अजिबात आठवत नव्हतं. ऐकलंच नव्हतं मी. स्वतःचा जीव वाचवायला जपून ठेवायला लावलेलं रेकॉर्डिंग, आणि त्यात नंबर चालू ठेवायला हो म्हणणारा मीच. बायको टेबलाकडं बघत राहिली. अधिकारी ओरडला नाही. आपल्या नावाचं सिम दुसऱ्याला देत नसतात, एवढं बोलून त्यानं जबाब लिहून घेतला आणि बोलावलं की यायचं असं सांगितलं.

बाहेर बाकावर एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. आम्ही बाहेर पडलो तशी ती सरकली आणि मला जागा करून दिली. "बसा, पावणं. मी कुरुंदवाडास्नं आलीय. आज चौथी खेप. तुमचंपण गेलं का हो?"

बायको माझ्याकडं बघत होती. मी "व्हय" म्हणालो.

"वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "आपली काय चूक?"