बाकावरच्या फुलवाती

मोतीबिंदू पिकला तेव्हा सगळ्यात आधी माझी स्कूटर गेली. चोरीला नाही, बायकोनं किल्ली काढून घेतली. उभ्या असलेल्या भाजीच्या हातगाडीला मी बराच वेळ हॉर्न देत बसलो होतो, एवढंच निमित्त. तेव्हापासून ती मोपेड चालवायची आणि मी मागे. मंगळवार पेठेत माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता दुकानांत बसतात. मी शाळेत पीटीचा मास्तर होतो. ताठ उभे राहा म्हणून त्यांच्यावर ओरडण्यात माझी अख्खी नोकरी सरली. तो मी आता बायकोच्या पाठीमागे, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. पोरं अदबीनं नमस्कार करायची आणि आम्ही पुढे गेलो की हसायची. मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

म्हणून मला ऑपरेशन हवंच होतं. आडवं येत होतं ते बीपी. डोळ्यांच्या दवाखान्यात आधी बीपी बघतात, ते ठीक असेल तरच ऑपरेशनची तारीख मिळते. गोळी मी रोज घेत होतो. घरच्या मशिनवर आकडा शहाण्यासारखा वागायचा, पण तिथं दंडाला पट्टा बांधला की चढलाच. पहिल्या वेळी वरचा आकडा दोनशेला टेकला. डॉक्टरांनी गोळीत थोडा बदल केला आणि पुढच्या पंधरवड्यात या म्हणाले.

आकडा चढण्याचं कारण बायकोनं ओळखलं. तिचं म्हणणं असं की दवाखाना नव्हे, मला रांग चढते. खोटं नव्हतं. रांग वाकडी दिसली की माझ्यानं बसवत नाही. नीट दिसत नसलं तरी वाकडी आहे एवढं दिसायचंच. मी उठून म्हाताऱ्यांना नंबराप्रमाणे बसवायचो, मध्ये घुसणाऱ्याला मागे धाडायचो, सिस्टरला घड्याळ दाखवायचो. सगळी शिस्त लावून झाली की माझा नंबर यायचा आणि सिस्टर पट्टा बांधायची.

दुसऱ्या खेपेला मी कानात हेडफोन घालून कुस्तीची कॉमेंट्री ऐकत बसलो. कुस्ती चितपट व्हायला आली आणि माझा नंबर पुकारला गेला. मला पत्ता नाही. मी रांगेच्या शेपटाला गेलो. पट्टा बांधेपर्यंत जे व्हायचं ते झालंच.

मग बायकोनं सूत्रं हातात घेतली. रेशनच्या आणि बिलाच्या रांगांत तिनं आयुष्यभर निवडणं-टिपणं केलं आहे, त्यामुळे तिचा या विषयात अधिकार. रांगेत न्यायचं काम कसं असावं, तर मन त्यात बुडू नये, पण हात मोकळे राहू नयेत. अर्धवट टाकून उठलं तरी बिघडू नये. उठताना आवराआवर करावी लागू नये. माझ्या बाबतीत आणखी एक, डोळ्यांवाचून जमावं. एवढं सांगून तिनं लसणाची पिशवी हातात दिली. गड्डे घरीच फोडून पाकळ्या सुट्या केलेल्या, सालांना वेगळी पिशवी.

लसूण खरंच गुणी निघाला. एक पाकळी सोलून झाली की काम पुरं, कुणी मध्येच हाक मारली तर नुकसान फार तर एका पाकळीचं. मी एकदाही उठलो नाही. रांगेचं काय झालं ते रांगेलाच माहीत. नंबर जवळ आला आणि मी समाधानानं डोळा चोळला.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. सिस्टरनं डोळा धुऊन दिला आणि सगळ्यांसमोर बजावलं की डोळ्यांच्या दवाखान्यात लसूण आणणारा पेशंट तिनं पहिल्यांदाच पाहिला. त्या दिवशी बीपी बघायचंही तिनं टाळलं. परत येताना मोपेडवर मला खरोखर रडू येत होतं. लसणाचं नव्हे. वाटलं, आता जन्मभर हे असंच मागं बसायचं.

चौथ्या खेपेला बायकोनं स्टीलचा डबा दिला. मध्ये पडदी. एका बाजूला सरकी काढून, पिंजून, सुपारीएवढे पुंजके केलेला कापूस. दुसरी बाजू रिकामी. फुलवाती करायच्या. पुंजका बोटांवर पसरायचा, कडा वर गोळा करायच्या आणि टोकाला चिमटीत पीळ द्यायचा. खाली बूड, वर शेंडी. घरी चार दिवस तिनं मला डोळे मिटून सराव करायला लावला. मी कुरकुरलो, ही बायकांची कामं म्हणून. तिनं स्कूटरची किल्ली दाखवली आणि परत कमरेला खोचली.

बाकावर बसलो, डबा उघडला, वळू लागलो. एवढ्यात जयसिंगपूरकडून एक जीपभर माणसं आली आणि रांग पार मोडली. त्यातला एक धिप्पाड गडी सरळ माझ्या पुढ्यात येऊन बसला. मी त्याला मागे धाडायला उठणारच होतो. पण हातात अर्धी वात होती. ती पुरी केली. मग दुसरी घेतली. तोवर तोच वाकून बघू लागला.

"काय वळालायसा पावणं?"

"फुलवाती."

"गड्यानं? ह्ये काय बरोबर न्हाय."

माझं बीपी कमी करायचंय म्हणून, असं मी सांगितलं. तो जवळ सरकला. मग हळूच म्हणाला की त्यालाही मागच्या खेपेला बीपीवरूनच परत पाठवलंय, आणि आत्ताही छाती धडधडतेय. मी डबा पुढे सरकवला. त्याच्या बोटांत कापूस हरवून जायचा. मी त्याचा पंजा धरून शेंडी कशी पिळायची ते शिकवलं. मागून एक आजी आल्या, आमच्या वाती बघून तोंडाला पदर लावून हसल्या आणि स्वतःच वळू लागल्या. रांगेत कोण पुढे, कोण मागे, हे माझ्या डोक्यातून पार गेलं.

नंबर पुकारला. या खेपेला ऐकू आला. तरी मी म्हणालो, "सिस्टर, एवढी एक होऊ दे."

सिस्टर दारातच उभी राहिली. "काका, मागं मला घड्याळ दाखवत होता ना?" ती म्हणाली. मी वात पुरी केली, झाकण लावलं, हात धुतले. पाय जमिनीला टेकवून गप्प बसलो. पट्टा फुगला, उतरला. आकडा ठीक होता. तारीख मिळाली. त्या गड्याचंही जमलं. जाताना त्यानं एक वात खिशात घालून नेली.

एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस थेंब घातले, चष्मा लावला, आणि त्यांनी परवानगी दिल्यावर किल्लीही परत मिळाली. एका सकाळी देवघरात तोच डबा दिसला. मी तो उजेडात नेऊन उघडला.

एकही वात सरळ नव्हती. कुणाची शेंडी डावीकडे, कुणाची उजवीकडे, कुणाला बूडच नाही. मैदानावर पोरं अशी उभी राहिली असती तर मी अख्ख्या वर्गाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. आणि ही रोज त्यांतलीच एक लावत होती. निरांजनात ती लवंडू नये म्हणून तांदळाच्या दोन दाण्यांचा टेकू देत होती. ते मला आता दिसलं.

आधी का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"सांगितलं असतं तर बीपी वाढलं असतं की तुमचं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या डोळ्याच्या तारखेसाठी कापूस पिंजायला बसली.

मी तिच्यासमोर बसलो आणि एक पुंजका उचलला. शेंडी सरळ यायला हवी होती. आली नाही.