न दुखणारं प्रेशर

मुलांनो, काल फोनवर तुमचे बाबा म्हणाले, "प्रेशर जास्त निघालं, पण मला काहीच होत नाही." हे वाक्य मी आधी ऐकलं आहे, म्हणून आजच लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी धसईच्या आरोग्य उपकेंद्रात तुमच्या आजोबांचं प्रेशर तीन वेगवेगळ्या दिवशी जास्त भरलं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. आजोबा नर्सला म्हणाले, "डोकं दुखत नाय, चक्कर नाय, नाकातनं रक्त नाय. तुझं मशीनच आजारी हाय गो!"

"आजोबा, बहुतेकांना काहीच जाणवत नाय. म्हणून तर मोजायचं," ती म्हणाली.

मी, तुमची आजी, इंग्रजी शिकलेली, टापटिपीची. तरी घरी येऊन मीच गोळ्यांच्या डबीवर नीट अक्षरात चिठ्ठी लावली: 'डोकं दुखल्यास'. त्यांचं डोकं क्वचितच दुखे, म्हणून गोळीही क्वचितच पोटात जाई. शेजारणीचं दुखलं की तिलाही मी त्यातलीच एक द्यायचे.

दोन वर्षांनी ते शेताच्या बांधावर कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्या सकाळीही त्यांची काही तक्रार नव्हती.

बाबांना डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज घ्यायला लावा. आजोबांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात चालतो, आणि ते अजून माणसं ओळखतात.